लॅक्टोज-फ्री दूधही दूधच: अ‍ॅलर्जी असलेल्या लेकराच्या घरी काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आठ महिन्यांचा मुलगा, नागपुरातल्या मानेवाड्याचं घर. तोवर आईचं दूध आणि वरण-भात, वरणात कुस्करलेली पोळी एवढंच खाणारा. एका रविवारी शेवयांच्या खिरीचे तीन चमचे पोटात गेले आणि दहा मिनिटांत गालावर, मानेवर लाल गांध्या उठल्या, मग एक उलटी झाली. आजी म्हणाली, "पोट्ट्याले दूध पचत नाही." शेजारच्या काकूंनी लगेच उपाय सांगितला: पचत नसेल तर ते लॅक्टोज-फ्री आणा, आमच्या ह्यांना त्यानेच बरं वाटलं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी छोटा पॅक आणला, कोमट करून दोन चमचे पाजले. पाच मिनिटांत वरचा ओठ सुजला.

मी आहारतज्ज्ञ आहे, धंतोलीत बसते. अशी घरं माझ्याकडे वरचेवर येतात. पॅक सोबत घेऊन येतात, टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, हे तर बिनदुधाचं होतं ना?"

नव्हतं. लॅक्टोज-फ्री दूध हे गायीचंच दूध असतं. त्यातली लॅक्टोज नावाची साखर तेवढी फोडलेली असते. दुधाची अ‍ॅलर्जी साखरेची नसते, प्रथिनांची असते, आणि प्रथिनं त्या पॅकमध्ये साध्या दुधाइतकीच असतात. म्हणून ज्याला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे, त्याला लॅक्टोज-फ्री दूध चालत नाही. थोडंही नाही, उकळूनही नाही.

घोळ होतो तो आपल्या बोलण्यामुळे. पोट फुगलं तरी आपण "दूध पचत नाही" म्हणतो, अंगावर पित्त उठलं तरी तेच म्हणतो, आणि कुणी "दुधाची अ‍ॅलर्जी आहे" म्हणालं तर त्याचा अर्थही बहुतेक वेळा गॅस होतो एवढाच असतो. दोन वेगळे आजार एका वाक्यात राहतात, मग एकाचं औषध दुसऱ्याला जातं. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटा झाला की काय होतं ते वरच्या घरात दिसलंच.

## १. आधी थांबवा, मग शोधा

दूध घेतल्यावर अंगावर गांध्या, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, लागोपाठ उलट्या, खोकला किंवा घरघर यांपैकी काहीही झालं असेल, तर त्या क्षणापासून दूध आणि दुधाचा प्रत्येक पदार्थ बंद. लॅक्टोज-फ्रीही बंद. "आधी थोडं देऊन बघू, खरंच दुधानेच होतं का" हा प्रयोग घरी करायचा नाही. मागच्या वेळी नुसत्या गांध्या आल्या म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आईचं दूध मात्र बंद करू नका. त्याबद्दल टप्पा ५ मध्ये सविस्तर येईल.

धोक्याची खूण: श्वास घेताना आवाज येणं, आवाज बसणं, जीभ सुजणं, मूल एकदम मलूल किंवा पांढरंफटक पडणं. यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत न्या. मुलाला आडवं ठेवा, चालवू नका. श्वास लागत असेल तर मांडीवर टेकवून बसवा. घरातलं अ‍ॅलर्जीचं सिरप देऊन वाट बघत बसू नका. सिरपने खाज कमी होते, बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, ते मांडीच्या स्नायूत देतात.

## २. "पचत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, ते लिहून काढा

डॉक्टरकडे जाण्याआधीचं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. कागद घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. आठवणीतून सांगू म्हणाल तर ओपीडीत तीन मिनिटांत निम्मं विसरायला होतं.

किती वेळाने झालं? अ‍ॅलर्जीचा झटपट प्रकार काही मिनिटांत दिसतो, फार तर दोन तासांत. लॅक्टोज न पचणाऱ्याला अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत कधीही त्रास होतो, कारण ती साखर लहान आतड्यातून न शोषता पुढे जाते, मोठ्या आतड्यातले जीवाणू ती आंबवतात, त्यातून गॅस होतो आणि पाणी ओढलं जातं. त्याला वेळ लागतो.

शरीरात कुठे झालं? लॅक्टोजचा त्रास पोटातच राहतो: गुडगुड, फुगारा, कळ, पातळ शी. तो कातडीवर येत नाही, ओठ सुजवत नाही, श्वास अडवत नाही. दूध घेतल्यावर पोटाबाहेर काहीही झालं असेल, तर लॅक्टोजचा विषय तिथेच संपतो.

किती घेतल्यावर झालं? लॅक्टोज न पचणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारसा त्रास न होता सोसतं. चहातलं दूध तर सहज सोसतं. त्रास मापाप्रमाणे वाढतो. अ‍ॅलर्जीत चमचाभर पुरतं. कधी दुधाचा हात लागलेली वाटीही पुरते.

दही आणि तूप घेतल्यावर काय होतं? हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. दह्यात विरजणाचे जीवाणू थोडं लॅक्टोज खाऊन टाकतात आणि पचवायला मदतही करतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. म्हणून "दूध बाधतं पण दही-ताक चालतं, तूप तर रोज खातो" असं कुणी म्हणालं की माझा कल लॅक्टोजकडे जातो. मानेवाड्याच्या आजींना हेच विचारलं तेव्हा त्या जरा थांबून म्हणाल्या, "वरण-भातावर तूप टाकलं की तोंडाभोवती लाल व्हायचं याच्या. आम्ही म्हणलं गरम लागलं असन." तुपात दुधाची प्रथिनं अगदी किंचित उरतात, आणि या मुलाला तेवढीही बाधत होती.

आता त्या खिरीकडे बघा. खिरीत दूध होतं, तसे शेवयांतले गहू होते आणि आईने घातलेली काजूची पूडही होती. पहिल्या दिवशी तिघांवरही संशय घेता आला असता. गहू सुटला, कारण मुलगा रोज पोळी खात होता. काजू सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या दोन चमच्यांत मात्र दुधाशिवाय काहीच नव्हतं आणि ओठ सुजला. जे करायला नको होतं त्यातून उत्तर मिळालं. मुलगा थोडक्यात निभावला म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. काजूचं काय, ते डॉक्टरांनी पुढे वेगळं तपासलं.

तपासा: वय बघितलं का? जन्मतः भरपूर असलेलं लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज फोडणारं एन्झाइम, आपल्याकडे अनेकांचं वयाप्रमाणे कमी होतं, पण त्याचा त्रास पाच वर्षांच्या आत सहसा दिसत नाही. तान्ह्या बाळात दुधाची अ‍ॅलर्जी ही कितीतरी जास्त शक्यतेची गोष्ट आहे. अपवाद एक: जोराचे जुलाब होऊन गेल्यावर आतड्याचं अस्तर दुखावतं आणि काही दिवस ते काही आठवडे लॅक्टोज पचत नाही. ते तात्पुरतं असतं.

चुकू नका: अ‍ॅलर्जीचा एक संथ प्रकारही आहे. त्यात गांध्या उठत नाहीत. तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी शीमध्ये रक्त किंवा शेंब दिसते, इसब चिघळतं, वजन वाढत नाही, किंवा दूध घेतल्यावर एक ते चार तासांत पुन्हा पुन्हा जोराच्या उलट्या होऊन मूल गळून जातं. पोटाचीच लक्षणं असल्याने याला हमखास लॅक्टोजचं लेबल लागतं. शीमध्ये रक्त असेल तर घरगुती निदान बंद आणि थेट बालरोगतज्ज्ञ.

## ३. पॅक हातात घ्या आणि मागची बाजू वाचा

समोर मोठ्या अक्षरांत "लॅक्टोज फ्री" लिहिलेलं असतं. ते खरंच असतं, कुणी फसवत नाही. कारखान्यात दुधात लॅक्टेज घालतात. ते लॅक्टोजचे दोन तुकडे करतं: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. साखर कुठे गेलेली नसते, फोडून ठेवलेली असते. म्हणून हे दूध साध्या दुधापेक्षा गोड लागतं, वरून साखर न घालताही. मधुमेह असलेल्यांनी "फ्री" या शब्दावर जाऊ नये, हे जाता जाता.

पॅक उलटा आणि तीन जागा बघा.

पहिली, घटकांची यादी. तिथे सुरुवातीलाच दूध किंवा टोन्ड मिल्क लिहिलेलं असेल. दुसरी, पोषणमूल्यांचा तक्ता, त्यातली प्रथिनांची ओळ. १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम दिसेल. शेजारी साध्या गायीच्या दुधाची पिशवी धरा, आकडा तोच. तिसरी, अ‍ॅलर्जीची सूचना. आपल्याकडच्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे दूध असलेल्या पदार्थावर तसं जाहीर करावं लागतं. दुधाच्या पॅकवर दूध आहे हे काय वाचायचं असं वाटतं, पण पुढे बिस्किटं, ब्रेड आणि चॉकलेट घेताना हीच ओळ कामाची आहे.

वाचूनही घरच्यांचा विश्वास बसत नसेल, तर मी एक प्रयोग सांगते. अर्धा कप लॅक्टोज-फ्री दूध उकळवा, गॅस बंद करा, लिंबाचा रस चमच्याने थोडा थोडा घाला. दूध फाटतं. फडक्यातून गाळलं की वर पांढरा चोथा राहतो आणि खाली निवळी उतरते. चोथा म्हणजे मुख्यतः केसीन, दुधातल्या प्रथिनांचा जवळपास ८० टक्के भाग. निवळीत उरलेली व्हे प्रथिनं. अ‍ॅलर्जी यांतल्या एकाची किंवा दोन्हींची असते. मानेवाड्याच्या आजींनी तो चोथा बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तं पनीरच आहे वो." माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा त्या चोथ्याने जास्त काम केलं.

सावधान: हा प्रयोग समजावून सांगण्यापुरता आहे, पदार्थ निवडण्यासाठी नाही. सोयाचं पेयही लिंबाने फाटतं, तिथे प्रथिन सोयाचं असतं. आणि प्रयोग करताना मूल स्वयंपाकघरात नको, भांडी लगेच वेगळी घासा.

याच धाटणीच्या आणखी काही चुका आहेत, सगळ्यांचं कारण एकच.

*मेडिकलमध्ये मिळणारे लॅक्टेजचे थेंब.* दुधात थेंब घातले की घरीच लॅक्टोज-फ्री दूध तयार होतं. प्रथिनं होती तिथेच.

*म्हशीचं, बकरीचं, देशी गायीचं दूध.* "गवळाऊ गायीचं आणा, ते बाधत नाही" हे वर्धा-नागपूर पट्ट्यात फार ऐकू येतं. देशी गायीचं म्हणून जे ए-टू दूध सांगतात, त्यात बीटा-केसीन या एका प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा वेगळा असतो, बाकी सगळी प्रथिनं तीच. बकरी आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गायीच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांचं शरीर त्यांनाही तशीच दाद देतं.

*दूध चांगलं उकळून देणं.* उकळल्याने व्हे प्रथिनांचा आकार बिघडतो, केसीनला उकळीने फारसं काही होत नाही.

## ४. डॉक्टरकडे काय घेऊन जायचं, काय मागायचं

टप्पा २ चा कागद, पॅकचा मागच्या बाजूचा फोटो आणि सूज किंवा गांध्यांचा फोटो. पित्त बऱ्याचदा काही तासांत जातं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मुलाचा चेहरा गुळगुळीत झालेला असतो. मोबाइलमधला फोटो तिथे खरा साक्षीदार.

झटपट प्रकाराचा संशय असेल तर डॉक्टर कातडीवरची स्किन प्रिक टेस्ट किंवा रक्तातली दुधाच्या प्रथिनांविरुद्धची आयजी-ई तपासणी सांगतात. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे अ‍ॅलर्जी ठरली असं होत नाही. तो तुमच्या कागदाशी जुळावा लागतो. स्किन प्रिकच्या आधी अ‍ॅलर्जीचं सिरप काही दिवस बंद ठेवावं लागतं, किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. रक्ताच्या तपासणीला हे बंधन नाही.

संथ प्रकारात या दोन्ही तपासण्या बहुधा कोऱ्या येतात. तिथे दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून लक्षणं जातात का ते बघतात आणि डॉक्टर सांगतील तसं पुन्हा देऊन ती परत येतात का ते बघतात. दुसरा भाग बहुतेक घरं करतच नाहीत. "बरं आहे ना, मग कशाला" म्हणून वर्षानुवर्षं दूध बंद राहतं, आणि मुळात अ‍ॅलर्जी होती का हे कळतच नाही.

लॅक्टोजसाठीची तपासणी वेगळी: मोठ्या मुलांत आणि माणसांत श्वासातल्या हायड्रोजनची. तिने अ‍ॅलर्जी कळत नाही, आणि अ‍ॅलर्जीच्या तपासणीने लॅक्टोज कळत नाही.

पैसे वाचवा: शंभर-दोनशे पदार्थांची आयजी-जी तपासणी करून "तुम्हाला काय चालत नाही" सांगणारी पॅकेजेस मिळतात. आयजी-जी सापडणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढंच. अ‍ॅलर्जीच्या निदानात त्याला जागा नाही.

दमा किंवा बाळदम असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट न विसरता सांगावी. कॅप्सूल फोडून ओढायच्या कोरड्या पावडरच्या औषधांत भर म्हणून बऱ्याचदा लॅक्टोज असतं, आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. बहुतेकांना काही होत नाही, तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना झालेलं आहे. औषध मनाने बंद करू नका. "याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, पावडरमध्ये लॅक्टोज आहे का?" एवढं विचारा, डॉक्टर लागलं तर स्प्रेचं औषध देतात.

## ५. बदली काय द्यायचं

इथे वय पहिलं.

आईचं दूध चालू असेल तर ते चालूच. आईच्या दुधात लॅक्टोज असतंच, १०० मिलीला साधारण ७ ग्रॅम, गायीच्या दुधापेक्षाही जास्त. ते आईच्या शरीरात तयार होतं. आईने लॅक्टोज-फ्री दूध प्यायलं म्हणून ते कमी होत नाही, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला त्या लॅक्टोजने काही होतही नाही. आईने खाल्लेल्या दुधाच्या पदार्थांतली प्रथिनं मात्र थोड्या प्रमाणात तिच्या दुधात उतरतात. नुसतं आईचं दूध पिऊनही बाळाला त्रास होत असेल, तरच डॉक्टर आईला दूध बंद करायला सांगतात, आणि मग तिला कॅल्शियमची गोळी लागते. मानेवाड्याच्या मुलाला आईच्या दुधाने कधीच काही झालं नव्हतं, म्हणून तिचा चहा आम्ही बंद केला नाही. तिला तेवढाच आधार वाटला.

डब्याचं दूध लागत असेल तर दुकानात सगळ्यात मोठी चूक इथे होते. चार वेगळ्या प्रकारचे डबे एकाच फळीवर असतात. लॅक्टोज-फ्री डबा: साखर वेगळी, पण प्रथिन बहुधा गायीच्या दुधाचंच. हा जुलाबांनंतर काही दिवसांसाठी असतो, अ‍ॅलर्जीसाठी नाही. सोयाचा डबा: दुधाचं प्रथिन नाही, पण सहा महिन्यांखाली देत नाहीत आणि दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेला डबा: अ‍ॅलर्जीसाठी बहुतेक वेळा हाच आधी सांगतात. आणि अमिनो आम्लांचा डबा, तीव्र अ‍ॅलर्जीसाठी, महाग. तिसऱ्या प्रकारातल्या काही डब्यांत लॅक्टोज घातलेलं असतं आणि तो डबा अ‍ॅलर्जीच्या बाळाला चालतो. लॅक्टोज असून चालतो, आणि लॅक्टोज नसलेला पहिला डबा चालत नाही.

दुकानदाराला विचारू नका: डॉक्टरांनी लिहिलेलं पूर्ण नाव दाखवा. "दुधाची अ‍ॅलर्जी आहे, कोणता देऊ?" म्हटलं की लॅक्टोज-फ्रीचा डबा हातात पडतो. अर्धवट तोडलेल्या प्रथिनांचाही एक डबा मिळतो, तो आधीच अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला पुरेसा सुरक्षित नसतो.

वर्षाच्या पुढे मूल जेवायला लागलं की दुधाची भरपाई ताटातून करता येते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. २०० मिली दुधातून जवळपास २४० मिळतं. त्याजागी नाचणीच्या ३० ग्रॅम पिठाचं आंबील १०० च्या आसपास देतं. आंबिलात ताक घालायची सवय असते, ते सोडायचं. चमचाभर वाटलेला तीळ ६० च्या जवळपास. तीळही अ‍ॅलर्जी करू शकतो, म्हणून पहिल्यांदा देताना अगदी चिमूट. कॅल्शियम मिसळलेलं सोयाचं पेय चालत असेल तर हिशोब सोपा होतो. बदाम आणि तांदळाच्या पेयांत प्रथिनं नावापुरती असतात, ती दुधाची बदली म्हणून धरू नका, आणि वर्षाखालच्या बाळाला तर मुख्य पेय म्हणून कुठलंच नाही. एवढं करूनही ५०० चा आकडा रोज गाठणं कठीण जातं, म्हणून कॅल्शियमचं सिरप लागेल का हे मी नेहमी डॉक्टरांकडेच सोपवते.

## ६. घर, शेजार आणि तान्हा पोळा

घरात फार पसारा करायची गरज नाही. एक गाळणी, एक पातेलं, एक चमचा मुलाचा वेगळा ठेवा. चहाची गाळणी त्याच्या पेजेला वापरली की झालंच. दुधाचे हात धुऊन मग त्याला उचला.

लेबलवर "दूध" हा एकच शब्द शोधू नका. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसिनेट, बटर, खवा, दही, तूप हे सगळे त्याच घरातले. चहात घालायच्या "नॉन-डेअरी" पावडरमध्येही केसिनेट असू शकतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. नाव कितीही बिनदुधाचं असो, मागची ओळ वाचा.

आपल्या नेहमीच्या खाण्यात सरळ चालणारं बरंच आहे: तर्री-पोहे, तेलातली पाटवडी आणि तिचा रस्सा, फोडणीचं तेल घेतलेला गोळा भात. अडतं ते सोबतीच्या पदार्थात. वडा भाताबरोबरची कढी, पुरणपोळीवरची तुपाची धार. संत्रा बर्फी बघायला फळाची वाटते, तिच्यात खवा असू शकतो. हॉटेलात "दूध नाही ना?" असं न विचारता "तूप, दही, खवा, बटर यातलं काय टाकता?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळीकडे "नाही" हेच उत्तर येतं.

शेजाऱ्यांना सांगताना "पचत नाही" हा शब्द घरातूनच हद्दपार करा. त्या वाक्यावर ऐकणाऱ्याच्या मनात लॅक्टोज-फ्री पेढा तयार होतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पुढच्या वर्षी हा मुलगा लाकडी नंदी घेऊन तान्ह्या पोळ्याला गल्लीत फिरला, तेव्हा त्याच काकूंनी प्रेमाने खास लॅक्टोज-फ्री दूध आटवून पेढे केले होते. आईने वेळेत बघितलं. त्यानंतर घराने एकच वाक्य ठरवलं आणि सगळ्यांना तेच सांगितलं: "दुधाचं काहीही खाल्लं की याचा ओठ सुजतो, श्वास अडू शकतो. लॅक्टोज-फ्रीसुद्धा नाही." मुलाच्या पिशवीला आईने एक छोटा डबा बांधला, त्यात मुरमुऱ्याचे लाडू. कुणी खाऊ दिला की तो पिशवीत, आणि डब्यातला लाडू हातात.

तपासा: पाळणाघर, बालवाडी, आजोळ, कामाला येणाऱ्या मावशी. यातल्या प्रत्येकाला हे वाक्य तुम्ही स्वतः सांगितलं का?

आणि काकूंच्या घरचे काका? त्यांना दूध प्यायलं की फुगायचं, दही चालायचं, अंगावर कधी काही आलं नाही. त्यांच्यासाठी लॅक्टोज-फ्री दूध अगदी योग्य. चहापुरतं साधं दूधही त्यांना बहुधा चालेल.

## ७. दर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी

दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयात जाते. संथ प्रकार सहसा लवकर जातो, झटपट प्रकाराला जास्त वर्षं लागू शकतात. म्हणून सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडे पुन्हा विचारणा करायची. ती गेली का, हे बघायची पद्धत ठरलेली आहे. दवाखान्यात, इंजेक्शन हाताशी ठेवून, थेंबापासून सुरुवात करतात, ठरावीक अंतराने माप वाढवतात आणि शेवटच्या मापानंतर काही तास मुलाला तिथेच ठेवतात. बऱ्याचदा आधी भट्टीत चांगलं भाजलेलं बिस्किट किंवा केक देतात, कारण पिठात मिसळून बराच वेळ भाजल्यावर दुधाची प्रथिनं काही मुलांना सोसतात. नुसतं दूध सगळ्यात शेवटी.

त्या दिवशी सर्दी, ताप किंवा दमा असेल तर तारीख पुढे ढकला. मुलाला आवडतं बिस्किट कुठलं ते आधीच विचारून ठेवा, कारण अडीच वर्षांच्या मुलाने आयुष्यात कधी न चाखलेली चव तो तोंडातून थुंकून टाकतो आणि सकाळ वाया जाते.

मानेवाड्याच्या मुलाची पहिली चाचणी तशीच वाया गेली. दुसऱ्या वेळी आईने घरी बिनदुधाचा केक महिनाभर खाऊ घालून चव लावली होती, आणि दवाखान्यात त्याच साच्यातला दुधाचा तुकडा नेला. भाजलेलं दूध त्याला सोसलं. पेल्यातलं दूध अजून बंद आहे, लॅक्टोज-फ्रीही.